एका वर्षाचा खंड आणि निवृत्तीची पुंजी

दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात गुंतविण्याची जी पद्धत एसआयपी या नावाने आता घरोघरी परिचित झाली आहे, तिच्याविषयी विचारला जाणारा एक प्रश्न असा, की घरात आजारपण आले, नोकरी सुटली, किंवा नव्या घराच्या कर्जाचा हप्ता अंगावर पडला आणि त्यामुळे ही गुंतवणूक एक वर्ष तहकूब ठेवावी लागली, तर साठाव्या वर्षी हाती येणाऱ्या पुंजीत नेमकी किती तूट पडेल. या प्रश्नाला बहुधा दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, की तीस वर्षांत एक वर्ष म्हणजे तिसावा हिस्सा, त्याची एवढी क्षिती कशाला बाळगावी? दुसरा पक्ष चक्रवाढीचा मोठा आकडा पुढे करून माणसाला इतका धसका देतो, की घरात औषधाला पैसा नसतानाही तो हप्ता थांबविण्यास कचरतो. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. कारण नुकसान किती होते हे खंड कोणत्या वर्षी पडला यावर अवलंबून असते, आणि त्याहूनही अधिक, खंडानंतर माणूस कोणत्या रकमेने परततो यावर अवलंबून असते.

प्रथम साध्यात साधे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या गृहस्थाने वयाची तीस वर्षे पूर्ण होताच दरमहा 10,000 रुपये समभागाधारित म्युच्युअल फंडात गुंतविण्यास आरंभ केला, साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत तो तीच रक्कम भरीत राहिला, आणि फंडाचा खर्च वजा जाता त्यास सरासरी दरसाल 10 टक्के परतावा मिळाला. हा दर कोणी हमी दिलेला नव्हे, केवळ हिशेबासाठी गृहीत धरलेला आहे, आणि शेवटी द्यावा लागणारा कर आपण येथे बाजूला ठेवला आहे. प्रत्येक महिन्याच्या आरंभी भरलेले बारा हप्ते, म्हणजे 1,20,000 रुपये, वर्षअखेर परताव्यासह सुमारे 1,26,400 रुपये होतात. ही वर्षअखेरची रक्कम म्हणजे आपल्या साऱ्या हिशेबाचे मूळ परिमाण. तीस वर्षांची पुंजी म्हणजे अशा तीस रकमांची, प्रत्येकीला जितकी वर्षे वाढावयास मिळाली तितकी वाढ धरून केलेली बेरीज होय. ती सुमारे 2 कोटी 8 लाख रुपये भरते.

आता यातील एखाद्या वर्षाचे हप्ते भरले गेले नाहीत, तर पूर्वी भरलेली रक्कम कोठेही जात नाही. तिची युनिटे खात्यावर तशीच राहतात आणि बाजाराबरोबर वाढतात. खंड पडल्यामुळे मागची सारी तपश्चर्या वाया गेली, अशी जी समजूत कित्येकांच्या मनात असते, तिला आधार नाही. बुडते ते केवळ त्या वर्षाचे 1,26,400 रुपये, आणि त्यांना साठाव्या वर्षापर्यंत वाढण्यास जो अवधी मिळाला असता त्या अवधीचे फळ. पहिल्याच वर्षी खंड पडला, अथवा आरंभच एक वर्ष उशिरा झाला, तर पुढील 29 वर्षांची वाढ हुकते आणि तूट सुमारे 20 लाख रुपयांची होते. म्हणजे एकूण पुंजीच्या जवळजवळ 10 टक्के. दहाव्या वर्षीच्या खंडाने साडेआठ लाख, म्हणजे 4 टक्के जातात. विसाव्या वर्षीच्या खंडाने सव्वातीन लाख, म्हणजे दीड टक्क्याहून किंचित अधिक. आणि तिसाव्या वर्षी तीच बारा महिन्यांची विश्रांती घेतली, तर अर्ध्या टक्क्याहून थोडी अधिक एवढीच तूट येते. तिसाव्या हिश्शाचा, म्हणजे सव्वातीन टक्क्यांचा, ढोबळ अंदाज पूर्वार्धात नुकसान कमी दाखवितो आणि उत्तरार्धात ते फुगवितो, तो यामुळेच.

हा हिशेब कोणासही कागदावर करता येतो. पैसा दुप्पट होण्यास किती वर्षे लागतात हे काढण्यासाठी 72 ला परताव्याच्या दराने भागावे, असा जो जुना आडाखा आहे, त्यानुसार 10 टक्के दराने दुप्पट होण्यास सव्वासात वर्षे लागतात. ज्या वर्षी खंड पडणार त्या वर्षाच्या हप्त्यांत सुमारे 5 टक्के मिळवावे, त्या वर्षाच्या अखेरीपासून निवृत्तीपर्यंत किती वर्षे उरतात ते मोजावे, आणि त्या अवधीत रक्कम जितक्या वेळा दुप्पट होईल तितक्या वेळा ती दुप्पट करावी. येथून पुढे आपण सहाव्या वर्षाचे, म्हणजे पस्तिशी पूर्ण झाल्यानंतरच्या वर्षाचे, उदाहरण घेऊ. कारण मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज आणि आईवडिलांचे आजार हे तिन्ही भार बहुधा याच सुमारास एकत्र येतात. सहाव्या वर्षाच्या अखेरीपासून 24 वर्षे उरतात, त्यांत रक्कम तीन वेळा दुप्पट होऊन चौथ्या दुपटीच्या वाटेला लागते, म्हणजे सुमारे दहापट होते. बारकाईने पाहिल्यास 9.85 पट. तूट सुमारे साडेबारा लाख रुपये, आणि पुंजीतील तिचा हिस्सा 6 टक्के.

या दोन आकड्यांपैकी दुसरा अधिक विश्वसनीय आहे, आणि निर्णय घेताना त्याच्यावरच भिस्त ठेवावी. परताव्याचा दर 10 ऐवजी 8 टक्के धरला तर साडेबारा लाखांचे पावणेआठ-आठ लाख होतात, आणि 12 टक्के धरला तर तेच एकोणीस लाखांच्या वर जातात. परंतु पुंजीतील हिस्सा पाहिला तर तो पहिल्या प्रसंगी 5.6 टक्के आणि दुसऱ्या प्रसंगी 6.3 टक्के, म्हणजे जवळजवळ स्थिर राहतो. ज्याला बाजाराचे भवितव्य ठाऊक नाही, आणि ते कोणासही ठाऊक नसते, त्याने लाखांचा आकडा पाहून हर्ष वा खेद करण्यापेक्षा आपल्या निवृत्तीच्या तरतुदीतील शंभरांपैकी सहा भाग जाणार आहेत, एवढे ध्यानात घ्यावे. शिवाय साठाव्या वर्षीचे साडेबारा लाख हे आजचे साडेबारा लाख नव्हेत. महागाई दरसाल 6 टक्के धरली, तर चोवीस वर्षांनंतरच्या त्या रकमेची क्रयशक्ती सहाव्या वर्षाच्या अखेरच्या भावाने सुमारे तीन लाखांची भरते. न भरलेले 1,20,000 आणि गमावलेली तीन लाखांची क्रयशक्ती, ही या व्यवहाराची खरी तुलना होय. ती लहान नाही, परंतु भयभीत व्हावे इतकी मोठीही नाही.

येथवर हप्ता तीस वर्षे एकच राहतो असे आपण मानले. वास्तविक पगारदार माणसाचे वेतन वाढत जाते, आणि शहाणा गुंतवणूकदार त्याबरोबर आपला हप्ताही दरसाल वाढवितो. फंडांच्या अर्जांत या योजनेस स्टेप-अप असे म्हणतात. समजा, तोच गृहस्थ हप्ता दरसाल 10 टक्क्यांनी वाढवीत जातो. अशा वेळी हिशेबाचे रूप पालटते: आरंभीच्या हप्त्यांस वाढीचा अवधी अधिक मिळतो, नंतरचे हप्ते त्याच प्रमाणात मोठे असतात, आणि हप्त्याची वाढ व परताव्याचा दर समान असल्यामुळे तीसही वर्षांचा शेवटच्या पुंजीतील वाटा सारखा होतो. एकूण पुंजी सुमारे सहा कोटी, आणि प्रत्येक वर्षाचा तीत वाटा सुमारे 20 लाख. म्हणजे तिसाव्या हिश्शाचा जो अंदाज मघाशी चुकीचा ठरला होता, तो या योजनेत तंतोतंत लागू पडतो.

परंतु खरा धोका याच योजनेत दडलेला आहे. सहाव्या वर्षी या गृहस्थाचा हप्ता 16,105 रुपये व्हावयाचा होता आणि सातव्या वर्षी 17,716. सहावे वर्ष त्याने कोरडे जाऊ दिले आणि सातव्या वर्षी, माणसाच्या स्वभावास अनुसरून, जेथे थांबला तेथूनच पुन्हा सुरुवात केली, म्हणजे सातव्या वर्षी 16,105 भरले आणि पुढे नेहमीप्रमाणे 10 टक्के वाढ चालू ठेवली. वरवर पाहता त्याचे केवळ एक वर्ष गेले. प्रत्यक्षात त्या दिवसापासून साठाव्या वर्षापर्यंतचा प्रत्येक हप्ता मूळ योजनेपेक्षा एक पायरी खाली, म्हणजे सुमारे 9 टक्क्यांनी कमी राहिला, आणि चोवीस वर्षे साचत गेलेली ही तफावत जवळजवळ 44 लाखांवर पोचली. बुडालेल्या वर्षाचे 20 लाख आणि हुकलेल्या पायरीचे 44 लाख मिळून तूट 64 लाखांच्या घरात जाते, म्हणजे पुंजीच्या साडेदहा टक्क्यांहून अधिक. खंडापेक्षा खंडानंतरचे पुनरागमन दुपटीहून महाग पडले, आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. कारण बँकेच्या खात्यावर हप्ता नियमाने वजा होत होता. म्हणून ज्यांनी वाढत्या हप्त्याची योजना केली आहे त्यांनी परतताना जुना हप्ता पाहू नये. आज आपण कोठे असावयास हवे होते तो हप्ता पाहावा, आणि तो तत्काळ झेपत नसेल तर एका वर्षात 10 ऐवजी 21 टक्के वाढ करून मूळ पायरी गाठावी.

दुसरा धोका मुदतीचा. एक वर्षासाठी तहकूब केलेली गोष्ट दोन-तीन वर्षे तशीच राहणे हा सर्वसाधारण अनुभव आहे. कारण हप्ता थांबताच मोकळी झालेली रक्कम घरखर्चात अशी मिसळून जाते, की वर्षअखेर ती वेगळी काढणे नव्याने त्याग केल्यासारखे वाटते. आपल्या पहिल्या, म्हणजे समान हप्त्याच्या उदाहरणात, सहाव्या वर्षाबरोबर सातवे आणि आठवेही कोरडे गेले, तर तूट 6 टक्क्यांवरून 16 टक्क्यांच्या वर जाते. तिसरा आणि सर्वांत मोठा धोका असा, की अडचणीच्या वर्षी माणूस हप्ता थांबविण्यावर न थांबता साठलेली युनिटेही विकून टाकतो. पहिल्या पाच वर्षांअखेर त्याच्या खात्यावर साधारण पावणेआठ लाख रुपयेच दिसतात, आणि तेवढ्याने निवृत्तीचे काय बिघडणार, असे त्यास वाटते. परंतु त्याच पावणेआठ लाखांचे साठाव्या वर्षी 83 लाखांहून अधिक व्हावयाचे असतात, आणि तीस वर्षांच्या पुंजीत या पहिल्या पाच वर्षांचा वाटा 40 टक्के असतो. हप्ता थांबविणे आणि साठा मोडणे या दोन गोष्टींत 6 आणि 40 एवढे अंतर आहे. संकटकाळी पहिलीने भागत असेल, तर दुसरीकडे वळू नये.

बाजार कोसळला म्हणून जे हप्ता थांबवितात त्यांची गोष्ट आणखी निराळी. सरासरी दराने केलेला वरील हिशेब सर्व वर्षे सारखी मानतो, पण घसरणीच्या वर्षी त्याच हप्त्यात अधिक युनिटे पदरात पडतात, आणि त्या वर्षीचा खंड म्हणून सरासरीपेक्षा अधिक महाग ठरण्याचा संभव असतो. 23 मार्च 2020 रोजी निफ्टी 7,610 वर बंद झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने जानेवारीतील उच्चांक ओलांडला, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये तो 15,000 च्या वर गेला. मार्चच्या त्या आठवड्यांत ज्यांनी केवळ भयापोटी हप्ते बंद केले, त्यांचे स्वस्ताईतील हप्ते हुकले. प्रत्येक घसरण इतक्या त्वरेने भरून निघते असे मुळीच नाही. परंतु केवळ बाजार खाली आला, हे एकटे कारण हप्ता थांबविण्यास पुरेसे नव्हे, एवढे त्यावरून दिसून येते.

मग थांबविणे केव्हा उचित? जेव्हा त्याच पैशाचा दुसरीकडे होणारा उपयोग गुंतवणुकीच्या अपेक्षित परताव्याहून निश्चितपणे मोठा असतो तेव्हा. क्रेडिट कार्डाची थकबाकी हे याचे स्पष्ट उदाहरण. तिजवर दरमहा 3 टक्के व्याज पडत असेल, तर चक्रवाढीने ते दरसाल 42 टक्क्यांहून अधिक होते. एक लाख रुपयांची अशी थकबाकी असलेल्या माणसाने हप्त्याचे 10,000 रुपये वर्षभर तिकडे वळविले, तर बाराव्या महिन्याअखेर साडेसहाशे रुपयांच्या आसपास बाकी उरून ती जवळजवळ फिटते. उलट एसआयपी चालू ठेवून तो केवळ दरमहाचे 3,000 रुपये व्याज भरीत राहिला, तर वर्षात 36,000 रुपये देऊनही लाखाचे मुद्दल डोक्यावर तसेच राहते, आणि गुंतवणुकीवर त्यास मिळतात ते साधारण सहा-साडेसहा हजार. अशा प्रसंगी हप्ता थांबविणे हेच विवेकाचे. आरोग्यविम्याचा हप्ता चुकत असेल, किंवा नोकरी सुटलेल्या काळात तीन-चार महिन्यांच्या खर्चाचीही शिल्लक नसेल, तेव्हाही हेच म्हणावे लागेल. मात्र घराच्या कर्जाचे व्याज गुंतवणुकीच्या अपेक्षित परताव्याच्या आसपासच असते. तेथे घाई करून हप्ता पूर्ण बंद करण्यापेक्षा तो निम्मा करणे बरे. न भरलेल्या रकमेच्या प्रमाणातच तूट येते, म्हणून निम्मा हप्ता चालू राहिल्यास सहाऐवजी तीनच टक्के जातात, आणि सवयीत खंड पडत नाही हा लाभ वेगळा.

थांबविण्याची रीतही सांगितली पाहिजे. खात्यात शिल्लक न ठेवून हप्ता आपोआप चुकू देणे ही वाईट रीत. कारण प्रत्येक न वटलेल्या हप्त्यागणिक बँक दंड आकारू शकते, आणि लागोपाठ तीन मासिक हप्ते न वटल्यास एसआयपी रद्द होते. अनेक फंड काही महिन्यांपुरता हप्ता स्थगित ठेवण्याची मुभा देतात. तिला पॉज म्हणतात, आणि मुदत संपताच हप्ता आपोआप पुन्हा सुरू होतो, हा तिचा मोठा गुण. वर्षभराचा खंड हवा असल्यास रीतसर अर्ज करून एसआयपी बंद करावी, पण त्याच दिवशी पुढील वर्षीच्या तारखेची आठवण कोठेतरी निश्चित करून ठेवावी. ज्यांची बचत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीपीएफमध्ये आहे, त्यांनी वर्षाला किमान 500 रुपये भरलेच पाहिजेत; नाहीतर खाते खंडित होते आणि ते पुन्हा चालू करण्यासाठी प्रत्येक चुकलेल्या वर्षाचे 500 रुपये व 50 रुपये दंड द्यावा लागतो. जे तेथे वर्षाची 1,50,000 रुपयांची कमाल मर्यादा पूर्ण भरतात, त्यांना चुकलेल्या वर्षाची रक्कम पुढील वर्षी जादा भरता येत नाही; म्हणून मर्यादेपर्यंत भरणाऱ्याचा पीपीएफमधील खंड त्याच खात्यात भरून काढणे अशक्य, तर एसआयपीतील खंड भरून काढणे शक्य, हा भेद लक्षात ठेवून कोणता हप्ता आधी कमी करावयाचा ते ठरवावे.

एसआयपीतील तो खंड कसा भरून काढावा, ते आता पाहू. आपल्या समान हप्त्याच्या उदाहरणात सहावे वर्ष कोरडे गेले आणि सातव्या वर्षाच्या आरंभी गृहस्थाची परिस्थिती सावरली. त्याच दिवशी त्यास बोनस वगैरेंतून 1,26,400 रुपये एकरकमी भरता आले, तर तूट तेथल्या तेथे मिटते. तसे न जमल्यास पुढील तीन वर्षे हप्ता दरमहा सुमारे 4,020 रुपयांनी वाढवावा. तोही भार वाटत असेल तर पाच वर्षे सुमारे 2,640 रुपयांनी. आणि साऱ्या उरलेल्या चोवीस वर्षांत मिळून भरपाई करावयाची झाली, तर दरमहा 1,113 रुपये जादा पुरतात. साडेबारा लाखांची भीती घालणाऱ्या त्या खंडाची किंमत परतफेडीच्या भाषेत दहा हजारांच्या हप्त्यावर अकराशे रुपये इतकीच आहे, हे ज्याच्या ध्यानात येईल, तो अडचणीच्या वर्षी नाहक हट्ट धरणार नाही आणि अडचण सरल्यावर आळसही करणार नाही. मात्र भरपाईसाठी लागणारी ही रक्कम विलंबाबरोबर वाढत जाते: हेच काम वीस वर्षे पुढे ढकलून वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी करू म्हटले, तर 1,26,400 रुपयांच्या जागी साडेआठ लाख रुपये एकरकमी उभे करावे लागतील.

तेव्हा ज्यांच्यावर हप्ता थांबविण्याचा प्रसंग आला आहे, त्यांनी थांबविण्याच्या दिवशीच तीन गोष्टी आपल्या जमाखर्चाच्या वहीत लिहून ठेवाव्या: हप्ता कोणत्या तारखेस थांबविला, कोणत्या तारखेस तो पुन्हा सुरू करावयाचा, आणि त्या दिवशी हप्ता किती असला पाहिजे. तिसरी नोंद करताना जुना हप्ता उतरवून काढू नये. खंड पडला नसता तर त्या दिवशी जो हप्ता असता तो धरावा, त्यात भरपाईची आपल्याला झेपेल अशी रक्कम मिळवावी, आणि येणारी बेरीजच नव्या मँडेटवर लिहावी.